क्लोरीनला हुसकावणारा नायट्रो

क्लोरोबेंझिनमधला क्लोरीन काढून तिथे हायड्रॉक्सिल बसवायचा, तर कॉस्टिक सोड्याबरोबर ते दाबाखाली सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. पण त्याच कड्यावर क्लोरीनच्या दोन्ही शेजारी आणि बरोबर समोर असे तीन नायट्रो गट असले, तर कोमट पाण्यानेही काम भागते.

बेंझिनचे कडे मुळातच इलेक्ट्रॉनांनी भरलेले असते. त्यामुळे आणखी इलेक्ट्रॉन घेऊन येणारा हायड्रॉक्साइड तिथे नकोसा पाहुणा ठरतो. नायट्रो गट असले, की तो क्लोरीनच्याच कार्बनला जोडला जातो. क्लोरीन अजून जागेवरच असतो आणि कड्यावर ऋणभार येतो. हा भार शेजारच्या दोन आणि समोरच्या कार्बनवरच वाटला जातो. तिथला नायट्रो तो आपल्या ऑक्सिजनांवर ओढून घेतो. एक घर सोडून बसलेल्या नायट्रोला हे जमत नाही, म्हणून त्याची मदत फारच तोकडी पडते. शेवटी क्लोराइड निघून जातो आणि कडे पूर्ववत स्थिर होते.

ही मधली अवस्था केवळ कागदावरची नाही. १९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोब माइसेनहायमर यांनी ट्रायनायट्रो संयुगांपासून तसा रंगीत क्षार वेगळा काढला. मिथॉक्सी असलेल्या कड्यावर इथॉक्साइड घातले काय, किंवा इथॉक्सी असलेल्यावर मिथॉक्साइड, क्षार एकच मिळाला. म्हणजे दोन्ही गट एकाच कार्बनवर बसलेले होते.

जोडले जाण्याचा टप्पा सहसा सर्वांत संथ असतो. म्हणून कार्बनला घट्ट धरणारा फ्लोरिनही इथे क्लोरीनपेक्षा लवकर बदलला जातो. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या साखळ्यांची टोके ओळखायला डायनायट्रोफ्लुओरोबेंझिनच वापरले होते.