एक थेंब आणि पासष्ट लिटर

क्रोम प्लेटिंगच्या टाकीत गडद तांबूस-तपकिरी द्रावण असतं. नळाच्या तोट्या, दुचाकीचे भाग, खुर्च्यांचे पाय त्यात बुडून चकचकीत होऊन निघतात. या द्रावणात लिटरमागे साधारण 250 ग्रॅम क्रोमिक आम्ल असतं आणि त्यात निव्वळ क्रोमियम 130 ग्रॅम. हे जवळजवळ सगळं हेक्झाव्हॅलंट, म्हणजे कर्करोगाला कारण ठरणारं आणि पाण्यात सहज विरघळणारं क्रोमियम. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात ते लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. टाकीतून काढलेल्या तोटीवरून फरशीवर पडणारा एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. त्यात साडेसहा मिलिग्रॅम क्रोमियम असतं, आणि तेवढ्याने 65 लिटर स्वच्छ पाणी थेट कायद्याच्या मर्यादेवर येऊन ठेपतं. एक लिटर द्रावण सांडलं तर 13 लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 130 टँकर. प्रयोगशाळेत हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या परीक्षेसाठी आपण 100 मिलिलिटर नमुना घेतो. त्याला मर्यादेपर्यंत न्यायला त्या एका थेंबाचा साडेसहाशेवा भाग पुरतो. म्हणूनच काचेची भांडी क्रोमिक आम्लाने धुण्याची जुनी सवय या परीक्षेत कटाक्षाने टाळावी लागते. भिंतीला चिकटलेला अंश दिसत नाही, पण तो नमुन्यातल्या क्रोमियमच्या तोडीचा असू शकतो.

आता उलट बाजूने पाहू. लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम क्रोमियम असलेल्या पाण्यात सुमारे 2 कोटी 90 लाख पाण्याच्या रेणूंमागे क्रोमियमचा एक अणू असतो. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. अख्ख्या राज्यात चार माणसं शोधायची, असं हे काम आहे. आणि ती चार माणसं डायफिनाइलकार्बाझाइड शोधून देतं, तेही पाच-दहा मिनिटांत.

कसं, ते पाहण्यासारखं आहे. 250 मिलिग्रॅम डायफिनाइलकार्बाझाइड 50 मिलिलिटर ॲसिटोनमध्ये विरघळवून तपकिरी बाटलीत ठेवतात. रंग बदलला की फेकून देतात. नमुना गंधकाम्लाने चांगला आम्लयुक्त करून त्यात हे दोन मिलिलिटर घातलं की हेक्झाव्हॅलंट क्रोमियम त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि त्या झटापटीत स्वतः ट्रायव्हॅलंट होतं. हे नुकतं जन्मलेलं ट्रायव्हॅलंट क्रोमियम ऑक्सिडीकरणातून तयार झालेल्या रेणूला तिथल्या तिथे धरतं आणि लालसर जांभळा रंग येतो. नमुन्यात आधीपासून असलेलं ट्रायव्हॅलंट क्रोमियम मात्र पाण्याच्या रेणूंना इतकं घट्ट धरून बसलेलं असतं की ते या खेळात उतरतच नाही. त्यामुळे ते कितीतरी पट जास्त असलं तरी रंगात मिसळत नाही. त्या चार माणसांची ओळख त्यांच्या कृतीवरून पटते, ती अशी.

रंग 540 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात मोजतात. मर्यादेवरच्या नमुन्याची एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषणसंख्या साधारण 0.077 येते, म्हणजे प्रकाशाचा जेमतेम 16 टक्के भाग अडतो. सगळा निवाडा या 16 टक्क्यांत होतो, आणि इथेच गढूळपणा आणि लोखंड आड येतात.

लोखंड येतं कुठून? बहुतेक वेळा इलाजातूनच. सांडपाण्यातल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला ट्रायव्हॅलंट करायला अनेक ठिकाणी हिराकस टाकतात, म्हणजे फेरस सल्फेट. मग चुन्याने क्रोमियम आणि लोखंड दोन्ही गाळात बसवतात. गाळ नीट बसला नाही की बाहेर पडणाऱ्या पाण्यात तांबूस कण तरंगत राहतात.

समजा असा एक नमुना हातात आला. सगळी रसायनं घालून रीडिंग आलं 0.112. लिटरमागे एक मिलिग्रॅमला 0.77 या हिशेबाने ते 0.145 मिलिग्रॅम होतं आणि नमुना नापास ठरतो. पण त्याच पाण्याचा दुसरा भाग घेऊन त्यात तेवढंच आम्ल, आणि अभिकर्मकाऐवजी नुसतं ॲसिटोन घातलं, तर रीडिंग येतं 0.058. हे क्रोमियम नाही, हे प्रकाश विखुरणारे कण आहेत. वजा करून उरतात 0.054, म्हणजे 0.070 मिलिग्रॅम. निम्म्याहून जास्त आकडा गढूळपणाचा होता. या ब्लँकमध्येही आम्ल घालायलाच हवं, कारण आम्लात काही कण विरघळतात आणि न घातल्यास वजाबाकी चुकते. रीडिंग हळूहळू उतरत असेल तर क्युव्हेटमध्ये कण खाली बसताहेत असं समजावं. 700 नॅनोमीटरवर जांभळा रंग जवळपास नसतो. तिथेही बरंच शोषण दिसलं तर त्यामागे गढूळपणाच असतो.

0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळणं सर्वांत चांगलं. फक्त लोखंडाचा ताजा गाळ उदासीन पाण्यात क्रोमेटला स्वतःवर चिकटवून घेतो, आणि ते गाळणीवरच राहून जाऊ शकतं. म्हणून अमोनियम सल्फेटच्या बफरने सामू 9.3 ते 9.7 करून मग गाळतात. त्या सामूला ही पकड सैल होते. वरच्या नमुन्याचं गाळल्यावर निव्वळ रीडिंग 0.052 आलं तर दोन्ही वाटा एकाच जागी पोचल्या, मी आकड्यावर विश्वास ठेवीन.

लोखंडाचं पहिलं रूप, फेरिक, तसं सोपं आहे. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर ते पिवळसर रंग देतं. सुरुवातीलाच फॉस्फोरिक आम्लाचे पाच थेंब घातले की ते जवळपास रंगहीन बंधनात अडकतं. दुसरं रूप, फेरस, मला जास्त धास्तीचं वाटतं, कारण ते रंग वाढवत नाही, पुसून टाकतं. एका हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला तीन फेरस लागतात; वजनात एक मिलिग्रॅम क्रोमियमला सव्वातीन मिलिग्रॅम लोखंड. महाराष्ट्रातल्या त्या चार माणसांना नाहीसं करायला आणखी बारा पुरतात. लिटरमागे 0.32 मिलिग्रॅम फेरस, म्हणजे टँकरभर पाण्यात तीन ग्रॅमच्या वर थोडं.

म्हणून नमुना नितळ आणि रीडिंग शून्य असलं की मी स्पाइक टाकतो. नमुन्यात मुद्दाम लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियम घालून थोडा वेळ थांबायचं आणि मग परीक्षा करायची. रीडिंग 0.077 यायला हवं. 85 ते 115 टक्के परत मिळालं तर ठीक. समजा 0.031 आलं. म्हणजे 40 टक्केच मिळालं आणि लिटरमागे 0.06 मिलिग्रॅम गिळलं गेलं. तीन फेरसच्या हिशेबाने लिटरमागे सुमारे 0.19 मिलिग्रॅम फेरस, किंवा तेवढ्याच ताकदीचं दुसरं एखादं क्षपणक, बाटलीत शिल्लक होतं. मग आधीच्या शून्याचा अर्थ बदलतो. कदाचित पाण्यात हेक्झाव्हॅलंट खरंच नव्हतं, कारण हिराकस जरा जास्त पडला होता. पण गाळाला चिकटून आलेलं थोडं क्रोमेट बाटलीत किंवा आम्लात फेरसला भेटून नाहीसं झालं असण्याची शक्यताही उरते. अशा वेळी मी टाकीच्या तोंडाशी जाऊन नवा नमुना घेतो, तिथेच बफर घालून गाळतो, त्याच दिवशी रंग पाहतो आणि अहवालात शून्याच्या शेजारी स्पाइकचे 40 टक्के लिहितो.