नाळेला काय लावायचं?

बाळाच्या नाळेला काय लावायचं, या प्रश्नाचं उत्तर गेल्या पाच दशकांत तीनदा बदललं. सत्तरच्या दशकात खेड्यांतली बहुतेक बाळंतपणं घरीच होत. सुईण नाळ कापायची आणि ती लवकर सुकावी म्हणून तिच्यावर हळद-तेल, राख, कुठे कुठे शेणही लावलं जायचं. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि नाळेच्या मेलेल्या, रक्त न पोचणाऱ्या तुकड्यात ते जोमाने वाढतात. पहिले दोन दिवस छान अंगावर पिणारं बाळ मग एकाएकी ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग ताठ पडायचं. गरोदर बाईला धनुर्वाताची लस, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, सुईणींचं प्रशिक्षण आणि पुढे दवाखान्यातली बाळंतपणं यांनी हे चित्र पालटलं. 2015 मध्ये भारतात नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण, शून्य नव्हे.

घरी राख होती तेव्हा दवाखान्यांत स्पिरिट आणि जांभळं औषध होतं. त्यांनी जंतू मरत, पण नाळ पडायला उशीर होई. नाळ नुसती वाळून पडत नाही. बेंबीशी, जिथे मेलेला भाग जिवंत त्वचेला भिडतो, तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि तो सांधा विरघळवतात. तिथल्या साध्या जंतूंचाही त्या कामात हातभार असतो. स्पिरिटने तेच काम मंदावतं. 1998 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवण्यावर भर दिला.

तिसरं वळण नेपाळमधून आलं. सर्लाही जिल्ह्यात क्लोरहेक्सिडिनने नाळ पुसल्यावर बाळमृत्यू सुमारे 24 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे झांबिया आणि पेंबा बेटावर तसा फायदा दिसला नाही. काही देशांत ते औषध चुकून डोळ्यांत घातलं गेलं आणि बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. त्यामुळे आता ते सरसकट वापरायचं नाही. जिथे नाळेला घातक पदार्थ लावायची रीत टिकून आहे, तिथेच त्याचा विचार होतो. एरवी काहीच लावायचं नाही.

पण काहीच न लावलेली नाळ कशी दिसते, हे अनेक घरांना ठाऊक नसतं. समजा, दवाखान्यात जन्मलेलं, पुऱ्या दिवसांचं बाळ आहे. पहिल्या दिवशी नाळ पांढुरकी, चकचकीत, ओलसर असते. दोन-तीन दिवसांत ती पिवळट, तपकिरी होत आकसते. आई लंगोट बेंबीच्या खाली दुमडते आणि नाळ पडेपर्यंत अंग फक्त पुसून घेते. शी-शू लागलीच, तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून तिथलं पाणी टिपते. सहाव्या दिवशी नाळ काळी, कडक होते, पण मुळाशी पिवळसर चिकट ओल आणि किंचित वास येतो. आजी म्हणते, "पू झालाय गं, पावडर टाक."

इथे नाळेकडे नव्हे, तिच्याभोवतीच्या पोटाच्या त्वचेकडे बघायचं. त्वचा नेहमीच्या रंगाची, मऊ असेल, दाबल्यावर बाळ कळवळत नसेल आणि नीट पीत असेल, तर ही ओल म्हणजे तो सांधा सुटण्याचं काम. पावडर टाकली तर तिथे थर बसतो आणि त्वचा नीट दिसत नाही. आठव्या दिवशी नाळ पडते, लंगोटाला रक्ताचे दोन-तीन थेंब लागतात. हेही नेहमीचंच. नाळ साधारण पाच ते पंधरा दिवसांत पडते. ती ओढून काढायची नाही.

बेंबीभोवती लाली येऊन ती पसरू लागली, त्वचा सुजली, गरम लागली, घट्ट पू किंवा घाण वास आला, हात लावताच बाळ कळवळलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून सूज आणि ऊब हाताने तपासावी. सोबत ताप असेल, अंग गार पडत असेल, बाळ सुस्त असेल किंवा प्यायचं थांबलं असेल, तर रात्र असली तरी निघायचं. पोटात असताना वारेकडून येणारं रक्त ज्या शिरेने यकृताकडे जात होतं, ती जन्मानंतर लगेच पुरती बुजत नाही, आणि त्या वाटेने जंतू आत शिरू शकतात. अशा वेळी सहसा शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. मलम पुरत नाही. थांबेना असं रक्त आलं, तरी हीच घाई हवी.

नाळ पडल्यावर बेंबीत गुलाबी, ओला दाणा उरला तर डॉक्टरांना दाखवावा. तो बहुधा साधा असतो. पण बेंबीतून पाण्यासारखं सतत झिरपत असेल, तर मूत्राशयाशी जोडणारी नळी उघडी राहिल्याची शक्यता तपासावी लागते. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही, तरी डॉक्टर बघतील. क्वचित त्यामागे पांढऱ्या पेशींचाच दोष असतो: त्या तिथवर पोचतच नाहीत.