आधी पाय पाहा, मग पदर

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. आजोबा कोट घालून खुर्चीवर बसलेले, आजी शेजारी उभी. आजीचा पदर उजव्या खांद्यावर. लग्नानंतरची काही वर्षे ती बडोद्याला होती, म्हणून हा फोटो तिथला आणि पदर गुजराती, असे घरात सगळे धरून चालले होते. मीही तेच मानत होतो. पुढे जुन्या फोटोंतल्या नेसणी पारखण्याचा नाद लागला आणि हा फोटो पुन्हा हातात घेतला.

फोटोत बाई दिसली की आपली नजर आधी पदराकडे जाते. सुरुवात मात्र पायांपासून करावी. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ शंताल बुलांजे यांनी साडीच्या नेसणींवरच्या १९९७ सालच्या पुस्तकात त्यांची कुळे पाडली, ती कापड अंगाभोवती कसे फिरते यावरून. आपल्याकडे सकच्छ आणि गोल हा भेद जुनाच आहे. कासोटा मागे खोचलेला असतो, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत तो दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम. गोल साडीचा खालचा काठ पावलांभोवती एकसलग फिरतो आणि निऱ्या सरळ जमिनीपर्यंत उतरतात. नऊवारीत हाच काठ दोन्ही पायांवर वेगवेगळा चढतो, घोटे उघडे राहतात आणि मधल्या चुण्या खाली उतरता उतरता दोन पायांच्या मध्ये आत वळून नाहीशा होतात. माझ्या आजीच्या पायांशी नेमके हेच दिसत होते. साडी सकच्छ होती.

पदर कुठल्या खांद्यावर आहे, यापेक्षा तो कुठून कुठे गेला हे महत्त्वाचे. गुजराती पद्धतीत पदर पाठीमागून उजव्या खांद्यावर येतो, छातीवर पसरतो आणि त्याचे एक टोक डाव्या कमरेला खोचतात. पदराची नक्षी म्हणूनच समोर दिसते. पारशी बायकांच्या जुन्या फोटोंतही असा पुढे आलेला पदर आढळतो, तेव्हा तेवढ्यावरून बाई गुजराती ठरवू नये. कोडगू भागात निऱ्या चक्क पाठीकडे असतात आणि पदर डाव्या बगलेखालून छातीवरून उजव्या खांद्यावर जातो. समोरून पाहिले तर निऱ्याच नाहीत असे वाटते.

आजीचा पदर छातीवरून वर जाऊन पाठीमागे उतरला होता. म्हणजे गुजराती नव्हे. पण कासोटा आहे आणि पदर उजवीकडे, मग हे काय? तमिळ ब्राह्मणांची मडिसार नेसणही नऊवारी आणि सकच्छ असते. तिच्यात अय्यर बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात, अय्यंगार डाव्या. आमचा तंजावरशी काहीच संबंध नव्हता, तरी मी दोन दिवस तोच धागा धरून होतो.

उत्तर नाकाशी होते. आजीची नथ उजव्या नाकपुडीत दिसत होती, आणि मराठी बाई नथ डाव्या नाकपुडीत घालते. मग आजोबांचा कोट पाहिला. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि वरचा खिसा डाव्या छातीवर असतो. इथे दोन्ही उलटे. काचेच्या निगेटिव्हवरून नवी प्रत काढताना काच पालथी ठेवली, की चित्राची डावी-उजवी बाजू बदलते. आमची प्रत तशीच निघाली होती. आरशात धरून पाहिली तेव्हा पदर डाव्या खांद्यावर आला, नथ डावीकडे आली, कोटाची बटणेही जागेवर आली. आजी साधी, नेहमीची नऊवारी नेसली होती.

पदरावरून निष्कर्ष काढण्याआधी फोटो सरळ आहे ना, हे आता मी प्रथम तपासतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातले काही फोटोही असेच उलटे जतन होतात. पाटी, पुस्तक, कोट, नथ यांपैकी एक तरी साक्षीदार बहुधा सापडतो. एकटी बाई, दागिना नाही, मागे कोरा पडदा, असे असेल तर खांद्याचा पुरावा सोडून द्यावा. पायांचा तेवढा उरतो, कारण फोटो उलटा झाला तरी कासोटा गोल होत नाही.

रंगावर तर अजिबात विसंबू नये. जुन्या काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल काठ काळा उमटतो आणि निळे अंग फिकट.

आणि नेसण ओळखली म्हणजे माणूस ओळखला असेही नाही. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला वैद्यक शिकत होत्या. नऊवारीत उघड्या राहणाऱ्या पोटऱ्यांना तिथली थंडी सोसवेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. नावगाव नसलेला त्यांचा फोटो हाती आला असता, तर साडीवरून आपण त्यांना कल्याणच्या कोकणस्थ घरातली बाई म्हटले नसते.

आमच्या फोटोच्या मागे कुणीतरी शाईने लिहिले होते, ‘बडोदे’. ते मी खोडले नाही. फोटो तिथलाही असू शकेल. खाली पेन्सिलीने एवढेच लिहिले : प्रत उलटी निघाली आहे, पदर डाव्या खांद्यावर.