तालमीतलं चुंबन

दोन नट प्रेमिकांच्या भूमिकांची तालीम करताहेत आणि करता करता त्यांच्यात खरंच काहीतरी घडतं, हा प्रसंग कागदावर सोपा वाटतो. रंगमंचावर मात्र त्यात मोठी पंचाईत असते. संहितेतलं चुंबन आणि मनातलं चुंबन प्रेक्षागृहातून अगदी सारखंच दिसतं. अमुक क्षणापर्यंत अभिनय होता आणि इथून पुढे तो राहिला नाही, हे प्रेक्षकाला कळणार कशावरून?

टॉम स्टॉपार्डच्या 'द रिअल थिंग' या नाटकातला आठवा प्रवेश हे कोडं ज्या रीतीने सोडवतो, ती मला फार मोलाची वाटते. नाटक पहिल्यांदा लंडनच्या स्ट्रँड थिएटरमध्ये नोव्हेंबर १९८२मध्ये आलं. पीटर वुड दिग्दर्शक होते, हेन्री या नाटककाराच्या भूमिकेत रॉजर रीस आणि ॲनी या अभिनेत्रीच्या भूमिकेत फेलिसिटी केंडल. या फेलिसिटी म्हणजे जुहूचं पृथ्वी थिएटर शशी कपूर यांच्याबरोबर उभारणाऱ्या जेनिफर केंडल यांची धाकटी बहीण. वडिलांच्या 'शेक्सपिअराना' या फिरत्या नाटक कंपनीबरोबर त्या भारतभर वाढल्या. तालीम, प्रवास आणि संसार एकाच छपराखाली चालताना त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं.

स्टॉपार्ड प्रेक्षकाला आधी फसवून तयार करतो. पडदा उघडतो तेव्हा एक नवरा पत्त्यांचा बंगला रचत बसलेला आहे. बायको परदेशातून परत येते. तिचा पासपोर्ट मात्र घरातच त्याच्या हाती लागलेला आहे, म्हणजे ती परदेशी गेलीच नव्हती. नवरा चिडत नाही, चुरचुरीत वाक्यं टाकत राहतो. आपल्याला हा एका घरातला खरा प्रसंग वाटतो. दुसऱ्या प्रवेशात उलगडतं, की ते हेन्रीने लिहिलेलं नाटक होतं आणि ती बाई म्हणजे हेन्रीची बायको, व्यवसायाने नटी. एकदा असं फसल्यावर प्रेक्षक पुढचा प्रत्येक प्रवेश जरा सावध होऊनच पाहतो.

पुढे हेन्री त्या बायकोला सोडून ॲनीबरोबर संसार मांडतो. दोन वर्षांनी ॲनीला ग्लासगोमध्ये एका जुन्या नाटकात काम मिळतं. हे नाटक जॉन फोर्डचं, १६३३मध्ये छापलेलं, एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या सख्ख्या भावाबहिणीची शोकांतिका. बहिणीची भूमिका ॲनीकडे, भावाची बिली नावाच्या, तिच्याहून वयाने लहान असलेल्या नटाकडे.

सीमा पुसट व्हायला सुरुवात होते ती ग्लासगोच्या गाडीतच. बिली डब्यात येतो तो अनोळखी माणसाचं सोंग घेऊन, परक्या उच्चारात. तो बोलतो ती वाक्यं आपण आधीच्या प्रवेशात एका भलत्याच संहितेतून ऐकलेली असतात. मग तो एकदम फोर्डच्या पद्यावर उतरतो आणि देवींच्या कपाळाशी तिच्या कपाळाची तुलना करत भर डब्यात तिची स्तुती करू लागतो. ॲनीला ओशाळल्यासारखं होतं, ती त्याला आवरू पाहते. पण नटीच ती, समोरून वाक्य आलं की तिच्या तोंडून पुढचं वाक्य जातंच. बिलीला जे स्वतःच्या शब्दांत सांगायची सोय नाही, ते तो फोर्डच्या शब्दांआडून सांगतो. कोणी हटकलंच तर 'पाठांतर चाललंय' हे उत्तर तयार. तालीम ही अशी आडोशाची जागा आहे. तिथे सगळं बोलता येतं आणि कशाचीच जबाबदारी घ्यावी लागत नाही.

आठवा प्रवेश अगदी छोटा. नेपथ्य नाही, नुसती मोकळी जागा. अंगावर तालमीचे कपडे. बिली आणि ॲनी एकमेकांच्या मिठीत असतात आणि फोर्डचं पद्य चालू असतं. भाऊ म्हणतो, आता तुला बहीण म्हणणार नाही, त्याहून गोड नावाने हाक मारणार. थोडी थट्टा, थोडी लाडीगोडी होते आणि चुंबनाची जागा येते. बिली हलकंच चुंबन घेतो. फोर्डच्या नाटकात इथून पद्य पुढे वाहत जातं. इथे मात्र ॲनी थांबते आणि हळूच 'बिली' एवढंच म्हणते. मग ती ते चुंबन परत करते आणि ते मनापासून आहे असं रंगसूचना सांगते. प्रवेश संपला.

सीमा ओलांडली गेली ती चुंबनात नव्हे, त्या हाकेत, असं मी मानतो. चुंबन तर संहितेतच होतं. ते कितीही लांबवलं, कितीही उत्कट केलं, तरी प्रेक्षक 'छान तालीम करताहेत' असंच म्हणाला असता. 'बिली' हे नाव मात्र फोर्डच्या नाटकात कुठेच नाही. ते वृत्तातही बसत नाही. इतका वेळ ठरावीक लयीत चाललेल्या ओळी कानाला सवयीच्या झालेल्या असतात, पुढच्या ओळीची वाट पाहिली जात असते आणि तिच्या जागी रोजच्या बोलण्यातला एक शब्द येतो. अभिनय रंगत गेला म्हणून खरेपणा आला, असं इथे होत नाही. अभिनय क्षणभर थांबतो आणि त्या फटीतून खरेपणा आत येतो.

म्हणूनच हा प्रवेश बसवताना तो बिघडतो कुठे, हे सांगता येतं. पहिलं चुंबन निव्वळ कामाचं असायला हवं. ॲनीचं अर्धं लक्ष पुढच्या वाक्याकडे असलं पाहिजे, जसं कुठल्याही तालमीत नटाचं असतं. तिथेच ओढ दाखवली तर दुसऱ्या चुंबनाला बदलायला काही उरत नाही. बिलीच्या मनात काय आहे ते गाडीतच उघड झालेलं असल्याने त्याला इथे काही सिद्ध करायचं नाही. प्रवेशाचा सगळा भार ॲनीवर आहे. दुसरी चूक दिग्दर्शकाची. हाकेच्या क्षणी प्रकाश मंद केला किंवा संगीत सोडलं की प्रेक्षकाने स्वतः ओळखायचं ते त्याला आयतं मिळतं. प्रवेश जमला की नाही, हे प्रेक्षागृहावरून कळतं. जमला असेल तर हाकेनंतरची शांतता आधीच्या शांततेहून वेगळी असते, कारण लोक पुढच्या ओळीसाठी ताटकळलेले असतात आणि ती येत नाही.

आणि हे सगळं लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर आठवड्याला आठ वेळा करायचं असतं. आता अनेक नाटकमंडळी अशा प्रसंगांसाठी वेगळा दिग्दर्शक नेमतात. हात कुठे, चेहऱ्यांतलं अंतर किती, चुंबन किती मोजांचं, कोणी कधी बाजूला व्हायचं, हे दोघा नटांच्या संमतीने नृत्यासारखं बांधून घेतात. ॲनीचं ते अचानक आलेलं चुंबनसुद्धा असं मोजून बसवलेलंच असतं. उत्स्फूर्तपणा अभिनेत्रीच्या अंगावर न सोडता बांधणीत ठेवला, तरच ॲनी वाहवत गेलेली दिसते आणि ती साकारणारी बाई स्वतः वाहवत जात नाही.

पुढच्याच प्रवेशात ॲनी ग्लासगोहून घरी येते. हेन्रीने पुरावा शोधत घर उलथंपालथं करून ठेवलेलं असतं, त्याच्याच नाटकातल्या नवऱ्यासारखं, पण त्या नवऱ्याची चुरचुरीत वाक्यं आता त्याला सुचत नाहीत. तो प्रश्न विचारतो, ती उत्तरं देते आणि तिच्या प्रत्येक उत्तरात खरं किती, रचलेलं किती, हे पारखत बसायची पाळी आता त्याच्यावर येते.