तक्रारींची उतरंड

नागपूर मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन पश्चिमेला लोकमान्यनगरला संपते आणि तिथून हिंगणा एमआयडीसी सुरू होते. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना इथलाच. ट्रॅक्टर म्हटला की त्याच्यासाठी पत्रा दाबणारे, पाइप वाकवणारे, रंग मारणारे छोटे कारखाने आले. त्यांच्या ऑफिसात जमाखर्चाच्या वहीइतकीच महत्त्वाची आणखी एक फाइल असते. तिच्यावर ‘कस्टमर कंप्लेंट’ असे लिहिलेले असते. ती उघडली तर पहिल्याच पानावर मालकाचा रक्तदाब वाढेल असा मजकूर सापडतो: टाकी गळते, रंग निघाला, भोक जुळत नाही, झाकण घट्ट बसते, लेबल चुकीचे, खोक्यात एक नग कमी.

मालक प्रत्येक तक्रारीमागे धावतो. त्यातही काल ज्या साहेबाचा फोन आला, त्याच्या तक्रारीमागे जास्त धावतो. सहा महिन्यांनी पाहावे तर फाइल आणखी जाड झालेली असते.

हे धावणे थांबवण्यासाठी एक साधे चित्र काढतात. सगळ्यात उंच खांब डावीकडे, मग उतरत्या क्रमाने बाकीचे आणि त्यांच्यावरून चढत जाणारी बेरजेची एक रेघ. कारखान्यात त्याला नुसते ‘पॅरेटो’ म्हणतात. विल्फ्रेडो पॅरेटो हा इटालियन अर्थशास्त्रज्ञ. उत्पन्न आणि संपत्ती थोड्या लोकांच्या हाती कशी एकवटते हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. कारखान्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दोषांनाही हाच न्याय लागू होतो हे सांगितले जोसेफ जुरान यांनी, आणि पॅरेटोचे नावही त्यांनीच दिले. पुढे 1975 साली त्यांनीच एका लेखात कबूल केले की हे नाव देण्यात आपली गफलत झाली. बेरजेची ती वक्र रेघ मुळात मॅक्स लोरेन्झ या अमेरिकन माणसाची. तोवर नाव रुळले होते, आणि जुरानना विचारून कारखाने चालत नाहीत.

आता एक नमुना घेऊ. हिंगण्यात ट्रॅक्टरच्या डिझेल टाक्या बनवणारा एक छोटा कारखाना डोळ्यासमोर आणा. कारखाना कल्पनेतला आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून ठरवलेले, पण कामाची रीत खरी. पत्र्याचे दोन अर्धे प्रेसवर दाबून काढायचे, काठाला काठ लावून सीम वेल्डिंगच्या मशीनवर फिरवायचे, तोंडाची आणि तळाची नळी जोडायची, हवा भरून पाण्यात बुडवून पाहायचे, मग रंग. तीन महिन्यांत ग्राहकाकडून 200 टाक्यांवर तक्रार आली.

पहिले काम कागदाचे. प्रत्येक तक्रार वाचायची, तिला एक घर द्यायचे आणि त्या घरात रेघ मारायची. चार उभ्या आणि पाचवी तिरपी. इथेच निम्मे चित्र बनते किंवा बिघडते. एका चलनावर ‘12 टाक्या गळक्या’ असे असेल तर ती एक तक्रार की बारा? दोन्ही चालते, पण शेवटपर्यंत एकच धरावे लागते. इथे टाक्या मोजल्या आहेत. दुसरा मोह घरांच्या नावांचा. ‘ऑपरेटरची चूक’ असे घर उघडले की त्याचाच खांब हमखास सगळ्यात उंच होतो, कारण ज्याचे कारण शोधायचा कंटाळा येतो ते सगळे तिथे जाऊन पडते. तक्रारीचे घर म्हणजे ग्राहकाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. का झाले ते नंतर.

मोजणी झाल्यावर असे दिसले: गळती 84, रंग सुटणे 56, बसवायची भोके न जुळणे 24, पोचे 14, आत गंज 8, झाकण 6 आणि किरकोळ सगळे मिळून 8. किरकोळचा खांब झाकणापेक्षा मोठा असला तरी तो नेहमी शेवटी, उजव्या टोकाला. तो एक दोष नसून गाठोडे असते. तोच गळतीएवढा वाढू लागला, तर घरे पुन्हा पाडायची वेळ आली असे समजावे.

रेघेसाठी एक्सेलमध्ये आकडे B2 ते B8 मध्ये उतरत्या क्रमाने लिहून शेजारच्या रकान्यात हे टाकायचे आणि खाली ओढायचे:

```
=SUM($B$2:B2)/SUM($B$2:$B$8)
```

उत्तरे येतात 42 टक्के, 70, 82, 89, 93, 96 आणि 100. म्हणजे सातातल्या पहिल्या दोन घरांनीच सत्तर टक्के तक्रारी खाल्ल्या. ऐंशी-वीस हा आकडा इथे जुळत नाही, आणि तो जुळवायचाही नसतो. रेघ कुठे आडवी पडू लागते तेवढे पाहायचे. इथे ती दुसऱ्या खांबानंतर वाकते.

काढताना एक चूक इतकी सर्रास होते की भिंतीवरच्या निम्म्या चित्रांत ती सापडावी. डाव्या बाजूचे माप 84 च्या जवळपास संपवतात आणि उजव्या बाजूला शंभर टक्के मांडतात. मग पहिला खांब छताला टेकतो, रेघ मात्र मध्येच कुठून तरी उगवते. डावे माप एकूण 200 पर्यंत न्यायचे, म्हणजे 200 आणि शंभर टक्के एकाच उंचीवर येतात. रेघेचा पहिला बिंदू गळतीच्या खांबाच्या माथ्याच्याच उंचीला बसतो. असे केले की खांब बुटके दिसतात, आणि पुष्कळांना तेच आवडत नाही.

चित्र भिंतीवर लागले की मीटिंग होते आणि ठरते: आधी गळती, मग रंग. इथे घाई नडते. मोजलेली गोष्ट होती टाक्यांची संख्या. दर टाकीमागे काय खर्च येतो ते मोजलेच नव्हते. रंग सुटलेली टाकी ग्राहकाकडेच घासून पुन्हा रंगवली तर समजा दीडशे रुपये. गळकी टाकी परत आणून दुसरी देणे, सहाशे. भोके जुळली नाहीत तर ट्रॅक्टरची लाइन थांबते आणि तो दंड पुरवठादाराच्या बिलातून कापला जातो. दोन हजार धरू. आत गंज असेल तर तो कारखान्यात दिसतच नाही. ट्रॅक्टर शेतात गेला, गंजाचे कण डिझेल फिल्टरमध्ये अडकले, ऐन पेरणीत इंजिन बंद पडले, मग मेकॅनिक गावात जाणार. चार हजार.

त्याच 200 तक्रारी आता रुपयांत मांडल्या की उतरंड बदलते. गळती 50,400 रुपयांनी वरच राहते, पण भोके 48,000 घेऊन जवळजवळ तिच्या खांद्याला लागतात आणि पाचव्या घरातला गंज 32,000 घेऊन तिसरा येतो. पोचे, झाकण आणि किरकोळ धरून होणाऱ्या एकूण 1,46,000 रुपयांत या तिघांचा वाटा 89 टक्के. दुसऱ्या क्रमांकाचा रंग 8,400 रुपयांवर, म्हणजे सहा टक्क्यांच्या आत, चौथ्या जागी घसरतो. रंगासाठी नवी भट्टी घ्यायचा विचार चालला असेल तर तो इथे थांबावा. जाणकार माणूस म्हणूनच दोन्ही चित्रे शेजारी लावतो, आणि दोन्हीत वर असलेल्या खांबाला आधी हात घालतो.

तो खांब गळतीचा. पण ‘गळती’ म्हणजे अजून नुसते गाव आहे, पत्ता नाही. त्या 84 टाक्या पुन्हा वाटायच्या, या वेळी कुठून गळते त्यानुसार. त्यासाठी परत आलेली प्रत्येक टाकी हवा भरून पाण्यात धरायची आणि बुडबुडे येतात तिथे खडूने खूण करायची. नमुन्यात निघाले: कोपऱ्यांवर 51, नळीच्या जोडावर 15, सरळ शिवणीवर 12, तळाच्या बुचापाशी 6. कोपरे साठ टक्क्यांच्या वर. हे दुसरे चित्र पहिल्यापेक्षा उपयोगी, आणि तेच काढायचा कंटाळा केला जातो. याच टाक्या दोन मशीनींनुसार वाटल्या आणि 43-41 अशा निघाल्या तर त्या वाटणीतून काही हाती लागत नाही. सपाट खांबही काहीतरी सांगतात: फरक मशीनचा नाही, दोघींत सारखे असलेले काही आहे.

मशीनवर उभा राहणारा माणूस हे एका वाक्यात सांगेल. ‘‘कोपऱ्यावर टाकी हातानं वळवा लागते नं साहेब, करंट तर तेवढाच राहते.’’ सीम वेल्डिंगमध्ये तांब्याच्या दोन फिरत्या चाकत्यांमध्ये पत्र्याचे काठ दाबले जातात आणि थांबून-थांबून जाणाऱ्या विजेने एकावर एक टाके पडतात. सरळ काठावर टाके एकमेकांवर चढतात. वळणावर टाकी झटक्यात फिरली तर टाके दूर पडून मध्ये फट राहते. त्यातच चाकतीची धार वापराने पसरलेली असेल तर दाब आणि वीज रुंद जागेत वाटली जाते आणि टाका कच्चा पडतो. नागपूरच्या मे महिन्यात चाकत्या थंड ठेवणारे पाणीच कोमट असते, तेव्हा धार आणखी लवकर पसरते.

कच्चा टाका ओळखायची जुनी रीत अजून सर्वांत भरवशाची. कोपऱ्याचा तुकडा कापायचा आणि शिवणीत छिन्नी घालून दोन पत्रे उचकटायचे. टाका पक्का असेल तर शिवणीशेजारचा पत्रा फाटतो, शिवण तशीच राहते. दोन्ही पत्रे शिवणीतून सरळ सुटले तर टाका नावापुरता. हा तुकडा दर शिफ्टच्या सुरुवातीला आणि चाकती घासल्यावर काढायचा.

मग या टाक्या पाण्याच्या हौदातून सुटल्या कशा? काही कच्चे टाके त्या वेळी गळतच नाहीत, ट्रॅक्टरच्या थरथरीने उघडतात. काही गळतात, पण बुडबुडा बारीक असतो, हौदावर उजेड कमी असतो आणि टाकी पाण्यात पुरेसा वेळ धरली जात नाही. पॅरेटो यातले काही सांगत नाही. कोपऱ्यापर्यंत आणून सोडणे एवढेच त्याचे काम, पुढे छिन्नी घेऊन माणसाला जावे लागते.

चाकती घासायचा नेम बांधला, वळणावर टाकी ठरलेल्या वेगाने फिरवणारी पकड बसवली. पुढच्या तिमाहीचे चित्र काढताना पुन्हा फसायची जागा आहे. कोणता ना कोणता खांब नेहमीच सगळ्यात उंच असणार आणि रेघ नेहमीच शंभरावर जाणार, म्हणून आकार पाहून सुधारणा कळत नाही. नवे चित्र जुन्याच मापावर, 200 च्याच उंचीवर काढायचे, म्हणजे खांब खरोखर खाली आले का ते दिसते. ट्रॅक्टरची मागणी हंगामावर चढते-उतरते. टाक्याच कमी गेल्या असतील तर तक्रारीही कमीच येणार. त्यामुळे दोन तिमाहींची तुलना करताना हजार टाक्यांमागे तक्रारी किती हे लिहावे लागते. समजा पहिल्या तिमाहीत 8,000 टाक्या गेल्या, म्हणजे हजारी 25. दुसऱ्या तिमाहीत 5,000 गेल्या आणि 125 तक्रारी आल्या, तरी हजारी 25 च. गळती हजारी 10.5 वरून 3 वर आली असेल आणि एकूण आकडा तरीही हलला नसेल, तर दुसरीकडे काहीतरी वाढले आहे. तेव्हा भोकांचा खांब पाहावा, आणि त्याआधी प्रेसच्या डायमधल्या पिना किती झिजल्या आहेत ते मापून यावे.