पहिली हाफ मॅरेथॉन: आठवड्याला किती किलोमीटर, आणि रविवारी किती?

आजचा भाग एकाच प्रश्नावर आहे. पहिली हाफ मॅरेथॉन पळायची ठरवलीय, मग आठवड्याला एकूण किती पळायचं आणि रविवारचा लाँग रन केवढा ठेवायचा? भाग ऐकताना आकडे हातातून निसटतात, म्हणून इथे सगळं लिहून ठेवतोय. रविवारी सकाळी मोबाइल उघडून बघायला सोयीचं.

बहुतेक जण हिशोब उलट्या बाजूने करतात. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर, हातात १६ आठवडे आहेत, मग २१ ला १६ ने भागा आणि दर रविवारी तेवढं वाढवत चला. दिसायला सोपं आहे, पण यात एक गोष्ट विचारातच घेतलेली नाही, ती म्हणजे तुम्ही आज किती पळताय. म्हणून सुरुवात २१ पासून करायची नाही. मोबाइलमधलं पळण्याचं ॲप उघडा आणि दोन आकडे काढा. पहिला, गेल्या चार आठवड्यांत तुम्ही आठवड्याला सरासरी किती पळालात. दुसरा, गेल्या ३० दिवसांत एका दमात सगळ्यात जास्त किती पळालात. तुमचा प्लॅन या दोन आकड्यांवर उभा राहतो.

यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा का, ते सांगतो. पळणाऱ्यांमध्ये एक जुना नियम आहे, आठवड्याचं एकूण मायलेज १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. नेदरलँड्समध्ये २००८ साली हा नियम नवख्या धावपटूंवर तपासला गेला. एका गटाने १० टक्क्यांच्या हिशोबाने हळूहळू १३ आठवडे तयारी केली, दुसऱ्याने ८ आठवड्यांत उरकली. दोन्ही गटांत दुखापती जवळजवळ सारख्याच झाल्या, साधारण पाचात एक. मग २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या गार्मिन घड्याळातल्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं ते असं: आठवड्याच्या बेरजेतल्या चढउताराशी दुखापतीचा संबंध सापडला नाही, पण एखादा रन गेल्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब रनपेक्षा १० टक्क्यांहून जास्त लांब झाला, की दुखापतीचं प्रमाण स्पष्ट वाढलं. तो रन दुपटीहून लांब झाला तर धोकाही दुपटीच्या पुढे गेला. हा अभ्यास बऱ्यापैकी अनुभवी पळणाऱ्यांचा आहे, त्यामुळे आकडा पत्थर की लकीर समजू नका. पण दिशा पक्की आहे. घात बहुतेक वेळा एखाद्या रविवारच्या उडीने होतो.

याचं कारण शरीरात आहे. दम काही आठवड्यांत सुधारतो. हाडं आणि स्नायूबंध मात्र खूप सावकाश मजबूत होतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात असा एक रविवार येतो, जेव्हा दम म्हणतो अजून पाच किलोमीटर सहज जातील, आणि नडगीचं हाड मात्र अजून मागच्या महिन्यातच असतं.

आता एक उदाहरण घेऊया. समजा अंबरनाथ पूर्वेला राहणारी, ठाण्यात नोकरी करणारी एक पोरगी आहे. सकाळची लोकल पकडायची, रात्री साडेआठला घरी. तिला जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची टाटा मुंबई मॅरेथॉनमधली हाफ पळायचीय. १६ आठवडे मागे गेलं की आपण सप्टेंबरच्या शेवटी येतो. सध्या ती मंगळवारी ४, गुरुवारी ४ आणि रविवारी ८ किलोमीटर पळते. म्हणजे आठवड्याला १६, सगळ्यात लांब रन ८. वेग आरामात किलोमीटरला ८ मिनिटं.

तिचे रविवार असे लावायचे. पहिले तीन: साडेआठ, ९, साडेनऊ. चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी, फक्त ७. मग १०, ११, १२ आणि आठव्या आठवड्यात पुन्हा खाली, ९. मग १३, १४, १५ आणि बाराव्यात १०. तेराव्यात १६, चौदाव्यात १७. इथे चढण संपली. पंधराव्या रविवारी १०, आणि सोळाव्या रविवारी रेस. कुठलीही वाढ आधीच्या सगळ्यात लांब रनच्या १० टक्क्यांपलीकडे जात नाही, तपासून बघा. दर चौथा आठवडा हलका ठेवलाय तो शरीराला डागडुजीसाठी. त्याला ‘वाया गेलेला आठवडा’ म्हणू नका.

आता मधले दिवस. इंटरनेटवर वाचाल की लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. हा नियम आठवड्यातून पाच-सहा दिवस पळणाऱ्यांचा आहे. तुम्ही तीनच दिवस पळत असाल तर तिन्ही रन सारखे ठेवले तरी प्रत्येकी ३३ टक्के होतात, म्हणजे नियम सुरुवातीलाच मोडला! लोकलने ये-जा करणाऱ्यासाठी माझा हिशोब सोपा आहे: रविवारचा रन आठवड्याच्या निम्म्याच्या आसपास असू दे, त्याच्या वर पळू देऊ नका.

म्हणून आपल्या या पोरीला पाचव्या आठवड्यापासून चौथा छोटा रन लागेल, शुक्रवारी ३ किलोमीटर. मग पाचवा आठवडा ४, ४, ३ आणि १० असा २१ चा होतो. अकरावा ६, ६, ४ आणि १५ असा ३१ चा. सगळ्यात मोठा चौदावा: ६, ७, ४ आणि १७, म्हणजे ३४. पहिल्या हाफसाठी आठवड्याला ३० ते ३५ किलोमीटरचं शिखर पुरेसं आहे. पन्नास करणारे मित्र दिसतील, पण त्यांच्या मागे काही वर्षांचं पळणं असतं.

मग चौथा रन जमलाच नाही तर? तर तो जमत नाही हे मान्य करायचं आणि रविवारचं शिखर १७ ऐवजी १५ वर थांबवायचं. १५ वर थांबूनही हाफ पूर्ण होते, फक्त शेवटचे पाच-सहा किलोमीटर मध्ये मध्ये चालावं लागेल. मात्र मधले दिवस बुडवून फक्त रविवारी १७ पळणं हा सगळ्यात महागातला सौदा आहे.

हेच एका आठवड्यापुरतंही लागू होतं. समजा दहाव्या आठवड्यात लोकलची बोंब झाली, ऑफिसात ओव्हरटाइम झाला, आणि मंगळवार, गुरुवार दोन्ही गेले. रविवारी ठरल्याप्रमाणे १४ करायचे नाहीत, राहिलेले १२ त्यात जोडायचे तर नाहीतच. १० करा आणि पुढच्या रविवारी १४ वर या. आख्खा आठवडा तापात गेला तर शेवटचा जमलेला लाँग रन पुन्हा करा. दोन आठवडे गेले तर दोन पायऱ्या खाली या.

आता नेहमीचा प्रश्न. तयारीत २१ कधीच पळायचं नाही का? आपल्या उदाहरणात १७ किलोमीटरला आठच्या वेगाने सव्वादोन तास लागतात. २१ ला पावणेतीन तास लागतील. माझ्या मते पहिल्या हाफच्या तयारीत एका दमात अडीच तासांच्या पुढे जाऊ नये, कारण त्यापुढे थकून चाल बिघडते, आणि ती भरून निघायला इतके दिवस लागतात की पुढच्या आठवड्यातले रन बुडतात. म्हणून ज्याचा वेग सहाचा आहे तो १९-२० पर्यंत जाऊ शकतो, आणि नऊवाल्याने १६ ला थांबावं. अंतराबरोबर घड्याळही बघा.

प्रामाणिकपणे सांगायचं तर रेसच्या दिवशी १७ वरून २१ ही उडी जवळपास २४ टक्क्यांची आहे. म्हणजे आपलाच नियम आपण एकदा मोडतोय. म्हणून तर शेवटचे दोन आठवडे अंतर कमी केलं. पंधराव्या आठवड्यात एकूण २० च्या आसपास, सोळाव्यात रेसच्या आधी ४ आणि ३ चे दोनच रन. पाय ताजे ठेवून ती उडी मारायची, आणि पहिले पाच किलोमीटर रोजच्या वेगाहून थोडं सावकाश जायचं.

आपल्याकडची अडचण म्हणजे ऑक्टोबर. पाऊस गेला की अंबरनाथ-बदलापूर तापतं, आणि समुद्राचा वाराही आपल्यापर्यंत पोचत नाही. साडेपाचला निघालात तरी ऊन चढेपर्यंत वेग किलोमीटरला मिनिटभराने पडू शकतो. अशा दिवशी वेळ धरून पळा. १० किलोमीटर म्हणजे एरवी ८० मिनिटं, तर ८५ मिनिटांना थांबा, मग अंतर साडेनऊ झालेलं असो. वेग बरोबर आहे का, याची खूण सोपी: सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे.

रस्त्याचंही तेच. लांब रन असेल तर घराजवळून जाणारे तीन-चार किलोमीटरचे फेरे लावा, शिवमंदिराच्या बाजूने किंवा तुमच्या वस्तीतल्या ज्या रस्त्यावर सकाळी ट्रक कमी असतात तिथे. कंटाळवाणं वाटेल, पण पाणी घरी ठेवता येतं आणि पाय दुखला तर घर दूर नसतं. थेट बदलापूरच्या दिशेने निघालात तर खिशात तिकिटाचे पैसे ठेवा, परत येताना लोकल आहेच.

शेवटी, प्लॅन जास्त होतोय हे कसं ओळखायचं? दोन्ही मांड्या सारख्याच जड आहेत आणि दहा मिनिटांत मोकळ्या होतात, हे नेहमीचं आहे, पळत राहा. पण नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, पळताना दुखणं वाढत जातं किंवा तुम्ही लंगडायला लागता, तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. दोन-चार दिवस आराम करूनही चालताना दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, कारण हाडाला बारीक चीर पडायला लागली असेल तर ती पळून बरी होत नाही.

तर आज रात्री एवढंच करा. ॲप उघडा, ते दोन आकडे काढा आणि रेसच्या तारखेपासून मागे मोजत तुमचे रविवार लिहून काढा. हातातले आठवडे १० टक्क्यांच्या हिशोबाने १५-१६ पर्यंत पोचत नसतील, तर तुमची रेस ही नाही, पुढची आहे. पुढच्या भागात बोलू लाँग रनमध्ये पाणी आणि खाणं कसं सांभाळायचं यावर. तोवर सावकाश पळा!