आधी तकाकी, मग गळती

मऊ, धूसर तकाकी असलेला चेहरा आणि एका कडेने आत शिरलेला नारिंगी उजेड, असे पोर्ट्रेट मोबाइलवर सहज करता येते. बिघडतेही तितक्याच सहज, कारण हे दोन परिणाम मुळात वेगवेगळ्या जागी जन्मले.

तकाकीची युक्ती कॅनडाचे छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी १९८०च्या दशकात रूढ केली. एकाच दृश्याच्या दोन स्लाइड, एक रेखीव आणि एक धूसर, दोन्ही जास्त उजळ घेतलेल्या, ते एकमेकींवर ठेवत. म्हणजे धूसरपणाखाली रेखीवपणा शाबूत असायचा. लाइट लीक मात्र निव्वळ दोष. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाचा फोम झिजला की उजेड लेन्सला वळसा घालून थेट फिल्मवर पडतो. रंगीत फिल्ममध्ये लाल रंग टिपणारा थर मागच्या बाजूला असतो, म्हणून ही गळती बहुधा लालसर-नारिंगी दिसते.

आता डावीकडच्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीचा फोटो घेऊ. Snapseed मध्ये Glamour Glow उघडून Glow तिशीच्या आसपास ठेवायचे. त्याहून पुढे गेलात तर गाल मेणाचे वाटू लागतात. मग View edits मध्ये जाऊन त्या पायरीचा ब्रश निवडायचा, मास्क उलटा करायचा आणि ब्रशची ताकद शून्यावर आणून डोळे, पापण्या, ओठ यांवरून फिरवायचा. तिथली धूसरता पुसली जाते. ऑर्टन यांच्या खालच्या स्लाइडचे काम हेच होते.

गळती त्यानंतर. आधी टाकली, तर तकाकी तिलाही पसरवते आणि लेन्सबाहेरचा उजेड लेन्समधून आल्यासारखा भासतो. Double Exposure मध्ये काळ्या पार्श्वभूमीवरचे लाइट लीकचे चित्र जोडून Lighten निवडायचे. काळा भाग फोटोत काहीच भर घालत नाही, फक्त उजेड उरतो. तो दोन बोटांनी मोठा करून डाव्या कडेला सरकवायचा. खऱ्या गळतीला खिडकीची दिशा कळत नाही, पण पाहणाऱ्याच्या डोळ्याला ती जुळलेली आवडते. गालाची त्वचा सपाट नारिंगी होऊन बारकावे हरवले, की अपारदर्शकता कमी करायची.

एक फसवणूक मात्र हमखास होते. फुकट मिळणाऱ्या अनेक ओव्हरलेंचा काळा रंग खरा काळा नसतो, गडद करडा असतो, आणि मग फोटोच्या गडद भागांवर फिकट पडदा चढतो. गळतीपासून सर्वांत दूरचा कोपरा, इथे उजवा, आधीच्या फोटोशी ताडून पाहा. तो उजळला असेल, तर ओव्हरलेचे चित्र वेगळे उघडून Curves मध्ये डावा खालचा बिंदू थोडा उजवीकडे सरकवायचा, ते साठवायचे आणि पुन्हा जोडायचे.